आकडा वीसचा, डोस आठचा

इन्सुलिनची बाटली न्यायला येणारी बहुतेक माणसं सिरिंज मागताना टोपीचा रंग सांगतात. "लालवाल्या दहा द्या ताई." नौपाड्यातल्या माझ्या औषधाच्या दुकानात वर्षानुवर्षं हेच चालत आलंय. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर आमचं एक जुनं गिऱ्हाईक, पंचाहत्तरीचे काका, नेहमीची बाटली मागून वर "नारंगी टोपीच्या दे गं दहा" म्हणाले, तेव्हा माझा हात तिथेच थांबला. त्या बाटलीला नारंगी सिरिंज चालत नाही. चालवली तर काय होतं हे समजायला लागणारं गणित शाळेतल्या गुणाकार-भागाकाराचंच आहे, पण ते कोणी बसून करून दाखवत नाही. ते इथे करून दाखवते. काकांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आधी युनिट म्हणजे काय ते पाहू. डॉक्टर इन्सुलिन मिलिलिटरमध्ये लिहून देत नाहीत, युनिटमध्ये देतात. युनिट हे औषधाच्या ताकदीचं माप आहे. १९२१ साली टोरांटोमध्ये इन्सुलिन सापडलं आणि १९२२ च्या जानेवारीत ते पहिल्यांदा एका मधुमेही मुलाला दिलं गेलं. त्या काळात ते जनावरांच्या स्वादुपिंडातून काढत आणि प्रत्येक खेपेची ताकद वेगळी निघे. नुसतं वजन करून काही कळत नसे. म्हणून ते उपाशी सशाला टोचत आणि त्याच्या रक्तातली साखर किती उतरते यावरून ताकद ठरवत. युनिट आलं ते तिथून. आजच्या हिशेबाने एक युनिट म्हणजे जेमतेम ०.०३५ मिलिग्रॅम इन्सुलिन. एवढंसं औषध नुसतं मोजताही येणार नाही, टोचताही येणार नाही, म्हणून ते द्रवात मिसळून बाटलीत भरतात.

सगळा घोळ सुरू होतो तो इथून, कारण एका मिलिलिटरमध्ये किती युनिट भरायची याची दोन मापं आपल्या देशात शेजारी शेजारी नांदतात. एक ४० चं, ज्याला यू-४० म्हणतात, आणि दुसरं १०० चं, म्हणजे यू-१००. एक पातळ सरबत आणि एक घट्ट सरबत असावं, तसं. पेला तोच, पण घट्ट सरबताच्या पेल्यात साखर अडीचपट. आपल्याकडे घरोघरी दिसणारी ह्यूमन इन्सुलिनची १० मिलिलिटरची बाटली बहुधा यू-४० असते. तिच्यात एकूण ४०० युनिट असतात. पेनात घालायची ३ मिलिलिटरची कार्ट्रिज यू-१०० असते, तिच्यात ३०० युनिट. शिवाय ग्लार्जिनसारखी नव्या पिढीची काही इन्सुलिनं बाटलीतही यू-१०० म्हणून मिळतात. बाटल्या दिसायला सारख्याच: छोटी काच, वर रबरी बूच, त्यावर ॲल्युमिनियमची कड. ताकद लेबलवर इंग्रजीत बारीक अक्षरांत छापलेली असते, आणि ज्याला ती वाचायची असते त्याला बहुतेक वेळा मोतीबिंदू असतो.

पुष्कळ देशांनी १९७० आणि ८० च्या दशकांत जुन्या ताकदी बंद करून फक्त १०० ठेवली. ब्रिटनमध्ये हा बदल १९८३ साली झाला. आकड्यांच्या गोंधळातून चुकीचे डोस जात होते, हे त्यामागचं मोठं कारण होतं. आपल्याकडे ४० ची बाटली टिकली, कारण ती स्वस्त आहे, गावोगाव मिळते आणि तिची सिरिंजही सगळीकडे मिळते. तिचा एक खरा फायदाही आहे. एक मिलिलिटरच्या लाल सिरिंजवर ४० रेघा असतात, त्यामुळे त्या ऐसपैस असतात आणि कमजोर नजरेला मोजता येतात. तेवढ्याच लांबीच्या नारंगी सिरिंजवर १०० युनिट मावतात आणि तिची एकेक रेघ सहसा दोन युनिटांची असते. त्यामुळे ४० ची बाटली मागासलेली आहे, ती बंदच व्हायला हवी, असं मला वाटत नाही. पण दोन मापं एका बाजारात ठेवायची असतील, तर ती जुळतात की नाही हे पाहण्याचं काम प्रत्येक विक्रीच्या वेळी कोणीतरी करायला हवं. ते काम माझ्या मते औषध विकणाऱ्याचं आहे, पंचाहत्तरीच्या पेशंटचं नाही.

आता सिरिंज. सिरिंजला युनिट कळत नाहीत. तिला फक्त द्रव किती भरला ते कळतं. तिच्यावरचे युनिटचे आकडे कारखान्यात एक गोष्ट गृहीत धरून छापलेले असतात. लाल टोपीची सिरिंज धरून चालते की बाटली ४० ची आहे, म्हणून तिच्यावर २० हा आकडा अर्ध्या मिलिलिटरपाशी येतो. नारंगी टोपीची धरून चालते की बाटली १०० ची आहे, म्हणून तिच्यावर तोच २० एक-पंचमांश मिलिलिटरपाशी येतो. टोपीचे रंग आपल्याकडे याच कामासाठी ठरलेले आहेत: लाल ४० ची, नारंगी १०० ची.

आता ४० च्या बाटलीतून नारंगी सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत औषध ओढा. सिरिंजमध्ये आलं ०.२ मिलिलिटर. बाटलीत दर मिलिलिटरला ४० युनिट आहेत, म्हणून ०.२ गुणिले ४०, म्हणजे आठ. डोळ्यांना २० दिसतंय आणि पोटात ८ जातंय.

काकांचं असंच झालं होतं. त्यांची नौपाड्यातली इमारत पुनर्विकासाला गेली आणि पाडव्यानंतर ते मुलाबरोबर घोडबंदर रोडला भाड्याच्या घरात राहायला गेले. पेन्शनची बँक आणि तलावपाळीवरची मित्रमंडळी इकडेच असल्याने महिन्यातून एकदोनदा फेरी होई, तेव्हा ते बाटली माझ्याकडूनच नेत. सिरिंज मध्येच संपल्या, तेव्हा त्यांनी नव्या घराजवळच्या एका दुकानात "इन्सुलिनच्या सिरिंज द्या" एवढंच सांगितलं. दुकानदाराने दिल्या त्या नारंगी टोपीच्या. त्याने बाटली विचारली नाही आणि काकांनी दाखवली नाही. सिरिंजची जाडी-लांबी तीच होती आणि सुईही तेवढीच बारीक. २० चा आकडाही होता. टोपी तर टोचण्याआधी काढून बाजूलाच ठेवतात. काकांनी नेहमीप्रमाणे आकड्यापर्यंत ओढलं आणि टोचलं.

त्यांचा मूळ डोस सकाळी २० आणि रात्री १२ असा होता. इन्सुलिन ३०/७० चं, म्हणजे तीस टक्के लवकर काम करणारं आणि सत्तर टक्के सावकाश चालणारं असं मिश्रण. नारंगी सिरिंजने सकाळी २० ऐवजी ८ जाऊ लागले आणि रात्री १२ ऐवजी ४.८. दिवसाला ३२ युनिट लागणाऱ्या माणसाला १३ पण मिळत नव्हती.

साखर वाढली. उपाशीपोटी १३० च्या आसपास असायची ती २४० वर गेली. तहान वाढली, रात्री चारचारदा उठावं लागू लागलं, ते घरच्यांनी प्रोस्टेटवर ढकललं. वजन उतरलं, ते घर बदलण्याच्या दगदगीवर ढकललं. त्यात हापूसचा मोसम. सुनेने आंब्याची पेटी उचलून ठेवली, मुलगा रोज विचारू लागला, "बाबा, बाहेर काय खाल्लंत?" काकांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज दुखावलेला होता. "अगं, खरंच काही खाल्लं नाही मी. कोणाला पटतच नाही." आपल्याकडे साखर वाढली की पहिला संशय पेशंटच्या जिभेवर जातो. सिरिंज कोणीच बघत नाही. ही गोष्ट मला फार लागते.

डॉक्टरांनीही जे कोणीही केलं असतं तेच केलं. चिठ्ठीवर डोस २०-१२ होता, साखर चढलेली होती, म्हणून त्यांनी दोन टप्प्यांत तो सकाळी ३० आणि रात्री २० केला. नारंगी सिरिंजवर ३० म्हणजे खरे १२ आणि २० म्हणजे खरे ८. डोस वाढवूनही दिवसाचे जेमतेम २० युनिट होत होते, मूळ डोसपेक्षा कमीच. साखर थोडी उतरली, पण २०० च्या खाली आली नाही.

"नारंगी" हा शब्द ऐकून मला शंका आली. खात्री पटली ती बाटलीच्या हिशेबाने. कोणालाही घरी करता येईल असा हा हिशेब आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

यू-४० च्या १० मिलिलिटरच्या बाटलीत ४०० युनिट असतात. दिवसाच्या एकूण डोसने त्याला भागा, म्हणजे बाटली किती दिवस पुरायला हवी ते कळतं. काकांचा मूळ डोस दिवसाला ३२, म्हणजे बाटली साडेबारा दिवसांची. कॉम्प्युटरवर जुनी बिलं पाहिली तर दोन-अडीच वर्षं ते बारा-तेरा दिवसांच्या अंतराने, किंवा एकदम दोन, अशा बाटल्या नेत होते. बरोबर जुळत होतं. नवा डोस दिवसाला ५०, म्हणजे बाटली आठ दिवसांत संपायला हवी. मी विचारलं, "काका, मागची बाटली आजपर्यंत पुरली?" म्हणाले, "कालच संपली." ती त्यांनी नेली होती वीस दिवसांपूर्वी. ४०० भागिले २० दिवस म्हणजे रोज २० युनिट. कागदावर ५० आणि बाटलीतून २०. पन्नासला अडीचने भागलं की वीस. हा अडीचचा फरक दिसला की आणखी पुरावा लागत नाही, कारण १०० आणि ४० यांच्यातला फरकही अडीचपटच आहे.

या हिशेबाला मर्यादा आहेत. पेशंट दोन दुकानांतून बाटल्या घेत असेल, घरात जुना साठा असेल किंवा मध्ये इंजेक्शनं चुकली असतील तर आकडा फसतो. थोडं औषध सांडतं, हवा काढताना थोडं जातं, म्हणून एकदोन दिवसांचा फरक धरायचा नाही. पण बाटली दुपटीहून जास्त पुरत असेल किंवा निम्म्याहून आधी संपत असेल, तर टोचण्यात काहीतरी गडबड आहे.

मी काकांना बाकावर बसवलं आणि दोन नव्या सिरिंज फोडल्या, एक लाल आणि एक नारंगी. पेल्यातलं पिण्याचं पाणी दोन्हींत २० च्या आकड्यापर्यंत ओढलं आणि त्यांच्या हातात दिल्या. लालमध्ये पाणी निम्म्यापर्यंत होतं, नारंगीत पाचव्या हिश्शाला. त्यांनी दोन्ही खिडकीच्या उजेडात धरल्या. "म्हणजे मी इतके दिवस एवढंसंच घेत होतो?" हे समजावायला तोंडी गणितापेक्षा पाणी चांगलं. त्या सिरिंज नंतर टाकून दिल्या, हे सांगायला नकोच.

आता इथे सर्वांत मोठा धोका आहे आणि तो चांगल्या हेतूने ओढवतो. एखादा दुकानदार चटकन म्हणेल, "काका, चुकीची सिरिंज आहे, ही घ्या लालवाली," आणि पिशवीत घालून देईल. काका घरी जातील, चिठ्ठीवर रात्रीचे २० लिहिले आहेत ते लाल सिरिंजने घेतील. काल रात्रीपर्यंत त्यांच्या अंगात ८ जात होते, आज एकदम २० जातील. सकाळी १२ च्या जागी ३०. सिरिंज बरोबर झाली, पण चिठ्ठीवरचा डोस चुकीच्या सिरिंजवर बेतलेला होता. एका रात्रीत अडीचपट डोस, तोही सावकाश चालणारा भाग जास्त असलेल्या मिश्रणाचा, म्हणजे साखर उतरायची ती पहाटे, माणूस झोपेत असताना. पंचाहत्तरीच्या माणसाला यातून बेशुद्धी येऊ शकते, तो पडून खुबा मोडू शकतो, जीवही जाऊ शकतो.

म्हणून सिरिंज बदलणं आणि डोस ठरवणं ही दोन्ही कामं एकाच वेळी व्हायला लागतात, आणि दुसरं काम डॉक्टरांचं आहे. मी काकांसमोरच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. सांगताना तीनच गोष्टी सांगितल्या: बाटली ४० ची, सिरिंज १०० ची, म्हणून ३०-२० लिहिलंय ते प्रत्यक्षात १२-८ जातंय. ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "तरीच." त्यांनी ३०-२० रद्द केलं. सरळ जुन्या २०-१२ वरही नेलं नाही, कारण दोन महिन्यांत काकांचं वजन उतरलं होतं. लाल सिरिंजने सकाळी १६ आणि रात्री १० पासून सुरुवात, तीन दिवस चार वेळा ग्लुकोमीटरवर साखर, आकडे त्यांना कळवायचे आणि मग पुढचं. हे आकडे काकांचे आहेत. वाचणाऱ्याने स्वतःच्या डोसला लावू नयेत.

लाल सिरिंज मिळत नसेल तर नारंगीने अडीचपट ओढलं तर चालेल का, असं कोणी ना कोणी विचारतंच. गणित म्हणून ते बरोबर आहे: नारंगीवर ५० च्या रेघेपर्यंत ४० चं औषध ओढलं तर २० युनिटच येतात. पण मी हे कोणालाही शिकवत नाही. घरात टोचणारा माणूस बदलतो, एखाद्या रात्री सून टोचते, कधी शेजारी, आणि ज्याला अडीचचा नियम माहीत नाही तो २० पर्यंतच ओढतो. ज्याला अर्धवट माहीत आहे तो लाल सिरिंजवरही अडीचपट ओढू पाहतो. ठाण्यात लाल सिरिंज मिळत नाही असं होत नाही. दोन दुकानं पुढे जावं.

काकांची चूक औषध कमी जाण्याकडे होती, म्हणून ती दोन महिने लपली. उलटी चूक काही तासांतच कळते. समजा कोणी हॉस्पिटलातून ग्लार्जिनची १०० ची बाटली घेऊन घरी आलं आणि कपाटात जुन्या लाल सिरिंज आहेत. २० च्या रेघेपर्यंत ओढलं की अर्धा मिलिलिटर, म्हणजे ५० युनिट. किंवा पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमध्येच लाल सिरिंजची सुई खुपसून औषध ओढलं, तरी तेच. कार्ट्रिजमधून सिरिंजने ओढू नये, यामागे हे मुख्य कारण आहे. पेन बंद पडलं तर रात्री अकरालाही डॉक्टरांना किंवा दुकानाला फोन करा, पण हा प्रयोग करू नका. काही पेनांत २०० आणि ३०० ताकदीचीही इन्सुलिनं असतात, त्यांतून सिरिंजने ओढणं तर आणखी घातक.

जास्त इन्सुलिन गेलं की साखर ७० च्या खाली येते. दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, एकाएकी भूक, मग बोलणं असंबद्ध, चिडचिड, ग्लानी. म्हाताऱ्या माणसांत कधी पहिलं लक्षण एवढंच असतं की आजोबा विचित्र वागतायत. ब्लडप्रेशरची काही औषधं चालू असतील तर धडधड आणि थरथर जाणवत नाही, घाम मात्र येतो. माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यात घालून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं, आणि ७० च्या खाली असेल तर पुन्हा द्यावी. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असेल तर साखर उपयोगी पडत नाही, ग्लुकोजच लागतं, कारण या गोळ्या साखर फुटण्याचं काम अडवतात. आपल्याकडे व्होग्लिबोज पुष्कळांना चालू असतं, तेव्हा अशा घरात ग्लुकोजचा डबा असलाच पाहिजे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नये, १०८ ला फोन करून हॉस्पिटल गाठावं. आणि डोस अडीचपट गेला असेल, तर एकदा साखर देऊन बरं वाटलं म्हणून झोपू द्यायचं नाही. इन्सुलिन तासन्‌तास काम करत राहतं, साखर पुन्हा घसरते, म्हणून डॉक्टरांना कळवून देखरेखीखालीच ठेवावं.

दुकानात सिरिंज घेताना एवढंच करा: रिकामी बाटली किंवा तिचं खोकं बरोबर न्या आणि दुकानदाराला म्हणा, या बाटलीची सिरिंज द्या. नुसतं "इन्सुलिनची सिरिंज" हे वाक्य अर्धवट आहे. रंगावरही पूर्ण विसंबू नका. ट्यूबलाइटच्या उजेडात आणि मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना लाल आणि नारंगी जवळजवळ एकच. सिरिंजच्या अंगावर शेवटचा आकडा बघा. एक मिलिलिटरच्या लाल सिरिंजवर तो ४० असतो. नारंगीवर १०० असतो, छोट्या मापाची असेल तर ५० किंवा ३०. सिरिंजवर यू-४० की यू-१०० हेही छापलेलं असतं, दुकानदाराला बोट ठेवून दाखवायला सांगा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बहुधा इन्सुलिनचं नाव आणि "२०-०-१२" एवढंच असतं, बाटलीची ताकद नसते. ती लिहून मागा. दोन शब्द लिहायला कोणी नाही म्हणत नाही.

साखर चढली की दर वेळी सिरिंजच चुकलेली असते असं मात्र नाही. दुधाळ इन्सुलिन तळहातांत फिरवून एकजीव न करता टोचलं, किंवा रोज एकाच जागी टोचून तिथे गाठ झाली आणि त्याच गाठीत टोचत राहिलं, तरी साखर वाढते. पण सिरिंज बघायला अर्धं मिनिट लागतं, म्हणून डोस वाढवण्याआधी ती बघितली जावी, एवढंच माझं म्हणणं आहे. डोस वाढवायला निघालेल्या डॉक्टरांना पेशंटने स्वतः सिरिंज आणि बाटली नेऊन दाखवली तर फारच उत्तम.

काकांची साखर तीन आठवड्यांत जागेवर आली. डॉक्टरांनी डोस सकाळी १८ आणि रात्री १२ वर स्थिर केला. दिवसाला ३० म्हणजे बाटली तेरा दिवस, आणि ती तेरा दिवसच पुरतेय. उरलेल्या नारंगी सिरिंज मी परत घेतल्या, कारण घरात त्या राहिल्या तर अडीअडचणीला कोणीतरी नक्की वापरतं. बाटलीच्या खोक्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत "४०, लाल" लिहून दिलं आणि सुनेला फोनवर सगळं गणित सांगितलं.

एक काम मागे राहिलं होतं, ते डॉक्टरांच्या लक्षात आलं. काकांच्या फायलीत ३०-०-२० लिहिलेली चिठ्ठी तशीच होती. उद्या त्यांना दुसऱ्या कशासाठी हॉस्पिटलात दाखल केलं, तर तिथली नर्स फाईल उघडून तीच वाचणार आणि बरोबर सिरिंजने खरोखरचे ३० युनिट देणार. डॉक्टरांनी काकांना फाईल घेऊन बोलावलं, त्या दोन्ही वाढीव चिठ्ठ्यांवर आडवी रेघ मारली, बाजूला कारण लिहिलं आणि तारीख टाकून सही केली.